एकोणसत्तरच्या पुढे सत्तर की ऐंशी?

म्हसाच्या यात्रेत एका खाऊच्या दुकानात दहा रुपयांचा घोळ झाला आणि पाचवीतल्या एका मुलाने तो उभ्या उभ्या शोधून काढला. मी शेजारीच उभी होते. रक्कम लहान होती, पण चूक कुठे आहे हे कळायला त्या मुलाला, दुकानदाराला आणि मला मिळून सात-आठ मिनिटं लागली. तेवढ्या वेळात दुकानदाराने आपला हिशेब बरोबर असल्याचं दोनदा दाखवून दिलं, एकदा नोटा मोजून आणि एकदा कॅल्क्युलेटरवर. दोन्ही वेळा त्याने दाखवलेलं बरोबरच होतं आणि तरीही पैसे दहा रुपयांनी कमी होते. गेली अनेक वर्षं मी मुलांना वजाबाकी शिकवते आहे. हे कोडं मला तिथून हलू देईना, म्हणून घरी आल्यावर त्याच रात्री सगळं टिपून ठेवलं.

मी ठाण्यात, कळव्याला राहते आणि मुरबाड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत शिकवते. म्हसा हे गाव याच तालुक्यातलं. पौष पौर्णिमेला तिथे म्हसोबाची यात्रा भरते. गुरांचा बाजार आणि घोंगड्या-ब्लँकेटांची दुकानं यासाठी ती आमच्या भागात ओळखली जाते. २०२५ साली पौष पौर्णिमा १३ जानेवारीला, सोमवारी होती. शाळेमुळे मला त्या दिवशी जमलं नाही, म्हणून पुढच्या रविवारी गेले. तो मुलगा आमच्याच शाळेचा. त्याला इथे गणू म्हणते, हे त्याचं खरं नाव नाही. गणूचे वडील बैलबाजारात होते. आजीला खाऊ घ्यायचा होता आणि तिच्या कनवटीला शंभराची एक नोट होती.

दुकानात काय झालं

दुकान म्हणजे ताडपत्रीखाली मांडलेलं लांब टेबल. त्यावर शेव, रेवड्या, बुंदी, खाजा यांचे ढीग आणि प्रत्येक ढिगात खोचलेला भावाचा पुठ्ठा. एका बाजूला इलेक्ट्रॉनिक काटा होता. तो फक्त वजन दाखवायचा, पैसे नाही. गल्ला म्हणून स्टीलचा डबा, आणि त्याच्या शेजारी ऑनलाइन पैसे भरायचा कोड आणि ‘इतके रुपये मिळाले’ म्हणून बोलणारी छोटी पेटी. गर्दीतले निम्मे लोक मोबाइल पुढे करत होते.

आजीने पाव किलो गोडी शेव घेतली आणि दीडशे ग्रॅम रेवड्या. शेवेचा भाव किलोला १८० रुपये, म्हणजे पावाचे ४५. रेवड्या १६० रुपये किलो, म्हणजे दीडशे ग्रॅमचे २४. दुकानदाराने पुड्या बांधता बांधता तोंडी बेरीज केली.

“पंचेचाळीस नि चोवीस, एकोणसत्तर झाले, आजी.”

आजीने शंभराची नोट दिली. तेवढ्यात मागून कोणीतरी बुंदीचा भाव विचारला, तो मान वळवून सांगून झाला आणि मग त्याने गणूच्या तळहातावर आधी एक रुपयाचं नाणं ठेवलं, त्यावर वीसची नोट.

“हा एक, ऐंशी. हे वीस, शंभर.”

आजी वळलीसुद्धा. गणू मात्र तळहाताकडे बघत उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते.

“आजी, थांब. काका, दहा कमी आहेत.”

दुकानदाराने आवाज चढवला नाही, हे मुद्दाम सांगते. त्याने ते नाणं आणि नोट परत हातात घेतली, गणूच्या डोळ्यांसमोर पुन्हा मोजली, “हा एक, ऐंशी. हे वीस, शंभर. झाले की नाही?” आणि परत दिली. गणू हलेना, तेव्हा त्याने गल्ल्याशेजारचा कॅल्क्युलेटर ओढला, बटणं दाबली आणि पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर २१ होते.

“बघ, मशीन काय सांगतंय. एकवीसच येतात.”

“चल रे,” आजी म्हणाली, “देवाच्या दारात आलोय आपण, शेठ काय खोटं बोलतील?”

इथे बहुतेक मुलं गप्प बसतात, आणि मोठी माणसंही बसतात. मागे रांग वाढत होती, आजी ओढत होती, मशीनने कौल दिला होता. गणूचा चेहरा मला दिसत होता. त्याला आपल्या मोजणीबद्दलही शंका यायला लागली होती. त्याने पुन्हा एकदा ओठांत मोजलं आणि मग जे विचारलं त्याने सगळं प्रकरण फिरलं.

“काका, खाऊचे पैसे किती झाले ते परत सांगा ना.”

“सांगितलं ना. एकोणसत्तर.”

“मग तुम्ही एक दिल्यावर ऐंशी का म्हटलं?”

दुकानदाराला प्रश्न कळला नाही. त्याने पुडीच्या रद्दी कागदाचा एक तुकडा घेतला, त्यावर ४५ लिहिले, खाली २४ लिहिले, रेघ मारली आणि “एकोणसत्तर” असं स्वच्छ म्हणत रेघेखाली ७९ लिहिले.

मला वाटलं, माझी नजर चुकली. गणूची मात्र चुकली नव्हती. तो म्हणाला, “हे एकोणऐंशी लिहिलंय.”

“एकोणसत्तरच आहे ते,” दुकानदार त्या आकड्याखाली पेन टेकवत म्हणाला. “सत्तर नि नऊ.”

चूक कुठली

‘सत्तर नि नऊ’ हे तीन शब्द ऐकेपर्यंत माझ्या मनात तीन शक्यता होत्या आणि तिन्ही चुकीच्या निघाल्या.

पहिली अर्थातच लबाडीची. यात्रेत, म्हाताऱ्या बाईबरोबर लहान मूल, हातात शंभराची नोट. पण लबाडी करणारा माणूस खरी बेरीज मोठ्याने सांगत नाही. याने दोनदा सांगितली होती आणि दोन्ही वेळा ती बरोबर होती.

दुसरी शक्यता गर्दीची. बेरीज झाली आणि सुट्टे देण्याआधी कोणीतरी मध्येच बोललं, त्यात आकडा घसरला असेल. हे रोज घडतं. पण तसं असतं तर दुसऱ्यांदा, शांतपणे कागदावर लिहिताना ती चूक राहिली नसती. ती जशीच्या तशी परत आली. जी चूक घाईतही होते आणि निवांतपणीही होते, तिचं कारण घाई नसतं.

तिसरी शक्यता बेरजेची, म्हणजे कुठेतरी हातचा जास्त धरला. पण ४५ आणि २४ मध्ये हातचा येतच नाही. पाच नि चार नऊ, चार नि दोन सहा. कागदावर त्याने उभी बेरीज केलीच नाही. ती तोंडी केली, बरोबर केली, आणि उत्तराचा शब्द ऐकून अंक लिहिले. चूक त्या एका जागी होती, शब्दाचा अंक करताना. ‘एकोणसत्तर’ म्हणताना त्याला ‘सत्तर’ ऐकू येत होतं, आणि शेवटी नऊ असतो हे त्याला ठाऊक होतं. दोन्ही जोडले की ७९.

आता त्याची नोटांची मोजणी आणि कॅल्क्युलेटर या दोन्ही गोष्टी बरोबर असून खोट्या कशा ठरल्या, हे लक्षात येईल. आपल्याकडे सुट्टे परत देताना कोणी वजाबाकी करत नाही. झालेल्या रकमेपासून पुढे मोजत जाऊन दिलेली नोट गाठायची, आणि वाटेत जे पैसे हातात येतात तेच परतीचे पैसे. ही रीत फार चांगली आहे. हातचा नाही, कागद नाही, आणि समोरच्यालाही प्रत्येक पायरी ऐकू येते. पण या रीतीने एकच गोष्ट तपासली जाते: सुरुवातीच्या आकड्यापासून शंभरापर्यंतचं अंतर. सुरुवातीचा आकडा चुकला असेल तर मोजणी त्या चुकीवरून सरळ चालत शंभराला पोचते आणि कुठेही अडखळत नाही. एकोणऐंशीपासून निघालेल्याला एक आणि वीस अगदी बरोबर पुरतात. कॅल्क्युलेटरचंही तेच. त्याला १०० मधून ७९ घालवायला सांगितलं, त्याने घालवले.

म्हणून दुकानदाराने परत परत मोजून दाखवण्यात काहीच नवीन तपासलं जात नव्हतं. गणूने नेमकी ती कडी पकडली. ‘दहा कमी आहेत’ एवढंच धरून तो बसला नाही. दुकानदाराच्या मोजणीतला पहिला शब्द त्याने उचलला. एकोणसत्तरवर एक ठेवला की सत्तर म्हणायला हवं होतं, ऐंशी म्हटलं गेलं. सुट्टे मोजताना लोक बहुतेक शेवटच्या शब्दाकडे लक्ष देतात, ‘शंभर’ ऐकलं की समाधान होतं. खरं ऐकायचं असतं ते पहिलं पाऊल, कारण बिलाचा आकडा आणि सुट्ट्यांचा हिशेब यांचा सांधा तिथेच असतो.

गणूला मी नंतर विचारलं की तू काय मोजत होतास. तो म्हणाला, “एकोणसत्तरवर एक, सत्तर. सत्तरवर वीस, नव्वद. नव्वदच्या पुढे शंभराला दहा लागतात, ते नव्हते.” त्यानेही वजाबाकी केली नव्हती. दोघांची रीत एकच होती, फक्त निघण्याची जागा वेगळी.

फरक नेमका दहाचा होता, यातूनही थोडं कळतं. हिशेबात पूर्ण दहाचा फरक निघाला की दशकाच्या घरात कुठेतरी घसरण झाली असा पहिला संशय घ्यावा. अंकांची अदलाबदल झाली असती तर फरकाला नऊने भाग गेला असता. त्रेसष्टच्या जागी छत्तीस लिहिले तर फरक २७ येतो, बाहत्तरच्या जागी सत्तावीस लिहिले तर ४५. जुने हिशेबनीस ताळा जमला नाही की आधी फरकाला नऊने भागून बघतात, ते यासाठी. अर्थात नऊने भाग गेला म्हणून अदलाबदलच झाली असं सिद्ध होत नाही, शोध कुठून सुरू करायचा एवढं कळतं.

साठ नि नऊ

दुकानात मात्र अजून काही मिटलं नव्हतं. ‘एकोणसत्तर’ दोघेही म्हणत होते, आणि दोघांच्या मनातले आकडे वेगळे होते. शब्दावरून शब्दाशी भांडून ते सुटणार नव्हतं. गणू एकदा म्हणाला, “सत्तरला एक कमी म्हणजे एकोणसत्तर.” दुकानदार म्हणाला, “तेच तर लिहिलंय.” मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण बाईंनी सांगितलं म्हणून दुकानदाराने मान डोलावली असती आणि त्याच्या डोक्यातला ७९ तसाच राहिला असता. म्हणून थांबले.

गणू म्हणाला, “काका, शेवेचे पंचेचाळीस काढा ना डब्यातून.”

का कोण जाणे, दुकानदाराने काढले. दोन विसाच्या नोटा आणि पाचचं नाणं. “आता रेवड्यांचे चोवीस.” वीसची एक नोट आणि दोन-दोनची दोन नाणी. टेबलाच्या कडेला दोन छोटे ढीग झाले. गणूने तिन्ही नोटा एका बाजूला सरकवल्या, “वीस, चाळीस, साठ,” आणि नाणी दुसऱ्या बाजूला, “पाच, सात, नऊ. साठ नि नऊ.”

दुकानदार त्या नोटांकडे बघत राहिला. मग रद्दीच्या कागदाकडे. मग त्याने पेनाने ७९ मधला ७ खोडला आणि वर ६ लिहिला. दहाची नोट गणूच्या हातावर ठेवताना तो त्याच्याशी काहीच बोलला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, सकाळपासून असं किती जणांचं झालं असेल?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याच्याकडेही नव्हतं. पावती कोणाला देत नव्हता, एकेका गिऱ्हाइकाचा आकडा कुठे लिहून ठेवत नव्हता. रात्री गल्ल्यात पैसे थोडे जास्त निघाले तरी ते कुठून आले हे शोधायची सोय नव्हती. त्यातून जे मोबाइलने पैसे भरत होते त्यांना तो आकडा तोंडाने सांगत होता, आणि ते स्वतः टाइप करत होते. एकोणसत्तर ऐकून त्यांनी ६९ भरले की ७९ हे त्यांच्या कानावर अवलंबून. म्हणजे त्याची चूक फक्त रोखीत, फक्त सुट्टे देताना आणि फक्त ‘एकोण’ आला की उघडी पडणारी. अशी चूक वर्षानुवर्षं दबून राहू शकते.

या चुकीसाठी मी त्या माणसाला दोष देणार नाही. ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एकाने कमी. एकोणतीसपासून एकोणऐंशीपर्यंत या नावांत जे दशक ऐकू येतं ते त्या संख्येचं नसतंच, पुढचं असतं. एकोणचाळीसमध्ये चाळीस ऐकू येतो, आकड्यात असतो तीन. बाकी सगळ्या नावांत ऐकू आलेलं दशक खरं असतं: अडुसष्टमध्ये साठ, एकाहत्तरमध्ये सत्तर. त्यातून ऐंशी आणि नव्वदच्या घरात नियमच बदलतो. तिथे शेवटच्या आकड्याला ‘एकोण’ लागतोच असं नाही, एकोणनव्वदला नव्व्याऐंशीही म्हणतात, आणि पुढे तर सरळ नव्व्याण्णव होतो. म्हणजे एकोणऐंशी आणि नव्व्याऐंशी, दोन्हींच्या शेवटी ऐंशी, दोन्हींत नऊ, आणि त्यांच्यात दहाचं अंतर. ज्याच्या मनात नव्व्याऐंशीचा साचा पक्का बसला त्याने तोच एकोणसत्तरला लावला तर सत्तर नि नऊच होणार. दुसरीच्या वर्गात दरवर्षी अशी पाच-सहा मुलं मला भेटतात. त्यातलं एखादं तसंच मोठं होतं आणि दुकान टाकतं, एवढंच.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या ‘साठ सात’ अशा रीतीनेही वाचायला दिल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता हे आठवत असेल. त्या विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यातून मुलं गोंधळतात, हे त्यांचं म्हणणं होतं. मी तेव्हा त्या बदलाच्या विरोधात होते. सदुसष्ट, अडुसष्ट हे आपल्या कानाचे शब्द आहेत आणि ते जाता कामा नयेत, असं मला वाटायचं, आजही वाटतं. पण त्या टेबलाच्या कडेला गणूने नोटा आणि नाणी वेगळी करून ‘साठ नि नऊ’ म्हटलं, तेव्हा दुसऱ्या कुठल्याही शब्दाने न सुटलेला गुंता त्या शब्दांनी सुटला, हेही मी पाहिलं आहे. गणू याच पुस्तकावर दुसरी शिकलेला. हे त्याला पुस्तकातून सुचलं की नोटा हाताळताना, हे मला सांगता येणार नाही. नंतर विचारलं तर तो म्हणाला, “नोटा तशाच असतात ना, बाई.”

त्याला जे तपासता आलं नाही तेही लिहायला हवं. रेवड्यांचे चोवीस त्याने पडताळले होते, शंभर ग्रॅमला सोळा आणि पन्नासला आठ. शेवेचे पंचेचाळीस मात्र त्याने तसेच मान्य केले होते. वजनाकडे तर त्याने पाहिलंच नव्हतं. पुडीचा कागद ठेवण्याआधी काटा शून्यावर होता की नाही, हे आमच्यापैकी कोणीच बघितलं नाही. पुढे मोजत जाण्याच्या रीतीला या गोष्टी दिसत नाहीत. आणि एकोणसत्तरचे शंभर करायला तीन उड्या पुरतात, २६९ चे ५०० करायला जास्त लागतात, आणि वाटेतली प्रत्येक उडी लक्षात ठेवावी लागते. तिथे गणू अडखळतो. मी करून पाहिलं आहे.

शाळेतल्या वहीत

यात्रेनंतरच्या आठवड्यात मी गणूला फळ्याजवळ बोलावलं आणि काही न सांगता वहीत १०० – ६९ मांडायला दिलं. उभी मांडणी, हातच्याची वजाबाकी. त्याने एककाच्या शून्यातून नऊ जात नाहीत म्हणून शतक सुटं केलं. दशकाच्या शून्यावर दहा लिहिले, एककाच्या शून्यावरही दहा लिहिले. दहातून नऊ गेले एक. दहातून सहा गेले चार. उत्तर लिहिलं ४१.

हे उत्तर पाचवीच्या वह्यांत मी शेकडो वेळा पाहिलं असेल. शतक सुटं केल्यावर दहा दशकं होतात हे बरोबर, पण त्यातलं एक दशक लगेच एककाला द्यावं लागतं, म्हणून दशकाच्या घरात नऊच उरतात. मुलं ते एक दशक देतात आणि ठेवतातही. शून्य मध्ये आला की ही चूक हमखास होते. पण ज्या मुलाने आठवडाभरापूर्वी रांगेत उभं राहून, आजी ओढत असताना, कॅल्क्युलेटरविरुद्ध हाच हिशेब अचूक केला होता, त्याच्या हातून ती होताना बघणं मला जड गेलं.

ही गोष्ट एकट्या गणूची नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा न्यूनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालूशिया श्लीमन यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला होता, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले आणि त्यांनी मुलांना सौदे करायला लावले. तिथे सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नंतर त्याच मुलांना त्याच धर्तीची गणितं कागदावर दिली. शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के बरोबर आली आणि नुसत्या आकड्यांच्या मांडणीत ३७. त्यातला एक मुलगा ३५ च्या भावाने दहा नारळांची किंमत सांगताना दहाने गुणत नाही. तीन नारळांचे १०५ हे त्याला पाठ आहेत, म्हणून तो तीन-तीनच्या ढिगांनी पुढे जातो आणि शेवटी एका नारळाचे ३५ मिळवून ३५० सांगतो. मला त्यात गणूच दिसतो. २०२५ च्या फेब्रुवारीत कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते. बाजारात सफाईने व्यवहार करणारी मुलं शाळेच्या मांडणीत अडतात, हे तिथेही दिसलं, आणि बाजारात काम न करणारी शाळेतली मुलं बाजारी हिशेबात अडतात, हेही.

मला त्या दिवशी एवढंच बघायचं होतं की गणूची एक रीत दुसरीला तपासू शकते का. ४१ चूक आहे असं मी म्हटलं नाही. वही त्याच्याकडे तशीच ठेवली आणि म्हटलं, “तू दुकानदार आहेस. मी शंभर दिले, एकोणसत्तरचा खाऊ घेतला. वहीत लिहिलेत तेवढे पैसे मला मोजून दे.”

त्याने हवेत हात पुढे केला, दुकानदारासारखाच. “हा एक, सत्तर. हे चाळीस...” आणि थांबला. “हे तर एकशे दहा झाले.”

तो बराच वेळ वहीकडे बघत होता. मग म्हणाला, “बाई, त्या काकांनी दहा कमी दिले होते. मी दहा जास्त दिले.”

“ते दहा आले कुठून?”

त्याने उत्तरातल्या चारावर बोट ठेवलं, तिथून वर सरकवत सहावर नेलं, आणि आणखी वर, शून्याच्या डोक्यावर लिहिलेल्या दहावर. तिथे बोट थांबलं. मग त्याने शेजारच्या एककाच्या दहाकडे पाहिलं. खोडरबर शेजारच्या मुलाकडून मागून घेतलं, दशकावरचा दहा खोडला आणि तिथे नऊ लिहिला.